जपानी कुकरची पाटी वाचताना : घरच्या प्रकल्पाच्या नोंदी

शनिवार, १४ जून २०२५

भाऊ नागोयात तीन वर्षं राहून परत आला आणि आता बंगळुरूला नोकरी धरली. जाताना त्याने आईच्या ओट्यावर एक पांढराशुभ्र राइस कुकर ठेवला. "आई, मस्त भात होतो, तू फक्त तांबडं बटण दाब," एवढं सांगून गाडी पकडली. तीन वर्षांत त्यानेही तांबडंच बटण दाबलं होतं. बाकी सहा बटणं कशासाठी आहेत ते त्याला माहीत नाही, आणि माहितीपुस्तिका नागोयाच्या खोलीतच राहिली. मग आईने मला बोलावलं.

सगळ्यात आधी कुकर उलटा केला. समोरच्या चित्रलिपीच्या नादी लागण्याआधी बुडाची पाटी वाचायची, कारण तिच्यात अर्ध्याहून जास्त आकडे असतात आणि आकडे सगळ्यांचे सारखेच. पाटीवर होतं: `交流100V 50-60Hz`, त्याखाली `定格消費電力 610W`, मग `最大炊飯容量 1.0L`. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, `マイコン炊飯ジャー`.

आपल्या घरी सॉकेटमध्ये २३० व्होल्ट, जपानात १००. फ्रिक्वेन्सीचा प्रश्न नाही. जपानच्या पूर्व भागात ५० हर्ट्झ आणि पश्चिम भागात ६०, त्यामुळे तिकडची उपकरणं बहुधा दोन्हींवर चालणारीच बनवतात. प्रश्न व्होल्टचा. १०० व्होल्टवर ६१० वॉट म्हणजे तापणाऱ्या तारेचा रोध साधारण १६.४ ओहम. तीच तार २३० वर लावली तर:

```
230 × 230 ÷ 16.4 ≈ 3225 W
```

पाचपटीहून जास्त. यात वाईट गोष्ट अशी की प्रवाह १४ अँपियर होतो आणि सोळाचा एमसीबी त्यावर पडेलच असं नाही. कुकर आतून जळेल आणि घरचे दिवे मात्र सुरूच राहतील. दोन चपट्या पायांचा प्लग प्रवासी अ‍ॅडॅप्टरमध्ये बिनबोभाट बसतो. अ‍ॅडॅप्टर प्लगचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. भाऊ तो अ‍ॅडॅप्टर कुकरच्या वरच ठेवून गेला होता. मी उचलून माझ्या पर्समध्ये टाकला.

`マイコン` हा शब्द नशिबाचा. त्याचा अर्थ, आत साधी तार आणि ती चालू-बंद करणारी छोटी चिप. तिथे `IH` असतं तर मी प्रकल्प इथेच थांबवला असता. त्यात भांडंच चुंबकीय क्षेत्राने तापवतात, वॉट हजाराच्या पुढे जातात, आणि असे कुकर ट्रान्सफॉर्मरवर लावू नका असं बनवणारेच सांगतात.

रविवार, १५ जून

पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात गेले. दुकानदाराने आधी हलकाफुलका "कन्व्हर्टर" दाखवला. दोन हजार वॉट लिहिलेला आणि मुठीत मावणारा. तो नको. असले कन्व्हर्टर विजेची लाट मधूनच कापतात. इस्त्रीला किंवा केस वाळवायच्या यंत्राला ते चालतं, पण आत चिप असलेल्या यंत्राला ती तुटकी लाट मानवत नाही. मला हवा होता लोखंडी गाभ्याचा, जड, जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर.

दुसरी अडचण म्हणजे तयार माल बहुतेक ११० व्होल्टचा. "दहा व्होल्टने काय होतंय ताई?" होतं. व्होल्ट दहा टक्के वाढले की वॉट एकवीस टक्के वाढतात, ६१० चे ७४० होतात. तार कदाचित सोसेल, पण ही चिप भांडं किती भराभर तापतंय त्यावरून आत तांदूळ किती आहे याचा अंदाज बांधते. लवकर तापलं की तिला वाटतं तांदूळ थोडाच आहे, आणि पुढचं सगळं गणित ती त्यावर करते. अशा वेळी भात बिघडला तर दोष तांदळाचा, पाण्याचा की विजेचा, ते कधीच कळणार नाही. म्हणून गल्लीच्या टोकाला वाइंडिंग करणाऱ्याकडून १०० व्होल्टचा, एक किलोवॉटला पेलणारा बांधून घ्यायचं ठरवलं. तीन दिवस लागतील म्हणाला, पाच लागले. दहा किलोचं धूड आहे. मीटर लावून पाहिलं तर रिकामा असताना १०४ व्होल्ट, कुकर तापत असताना ९९.

शनिवार, २१ जून

आज समोरची पाटी वाचायला बसले. पडद्यावर शब्द फारसे नाहीत, आकडे आहेत आणि एक छोटा काळा बाण. शब्द पडद्याच्या कडेने प्लास्टिकवर छापलेत. `メニュー`, म्हणजे मेनू, हे बटण दाबलं की बाण एकेका शब्दाकडे सरकतो. हे कळायलाच दहा मिनिटं गेली, कारण बाण इतका बारीक की आईला तो पडद्यावरचा डाग वाटला होता. तिने पदराने दोनदा पुसूनही पाहिला.

लिपी ओळखण्यासाठी मी फोनवर जपानी कीबोर्ड घेतला, बोटाने चित्र काढायचा. पण पहिल्या तासाभरातच लक्षात आलं की चित्रं थोडीच आहेत आणि तीच ती फिरून येतात. सुरुवात `米` पासून केली. मधोमध फुली आणि भोवती चार दाणे उधळल्यासारखं दिसतं. याचा अर्थ तांदूळ. `白米`, `玄米`, `無洗米` या तिन्हींच्या शेवटी तेच. म्हणजे फरक सगळा पुढच्या अक्षरात. `白` म्हणजे पांढरा, तेव्हा `白米` आपला नेहमीचा सडलेला तांदूळ. `玄` म्हणजे गडद, काळपट. तो कोंड्यासकटचा तांदूळ. `無洗` म्हणजे न धुण्याचा. जपानात दाण्यावरची भुकटी काढून टाकलेला, धुवावा न लागणारा तांदूळ मिळतो, त्याच्यासाठी. आपल्याकडे तो नाही, म्हणून तो मेनू आपल्या कामाचा नाही.

दुसरं चित्र `炊`. डावीकडे `火`, म्हणजे विस्तव. हे असलं की शिजवण्याचं काम. तांबड्या बटणावर `炊飯`, भात शिजवा. `早炊き` मधलं `早` म्हणजे लवकर, तेव्हा घाईचा भात. `炊込み` म्हणजे भाज्या, मसाले घालून एकत्र शिजवायचा भात. हा थेट आपल्या मसालेभाताचा भाऊबंद. त्याला वेगळा मेनू का, ते मसालेभात केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मसाला तळाला बसतो आणि लागतो. म्हणून तिथे आच जपून देतात.

तिसरं, `保温`. दुसऱ्या अक्षराच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब, उजवीकडे वर सूर्यासारखी चौकट आणि खाली ताट. ऊब टिकवणे. `とりけし` हे चित्र नसून साधी अक्षरं आहेत, अर्थ "रद्द". आणि `予約`, म्हणजे आधी नोंदवून ठेवणे. रेल्वेचं तिकीट काढतानाही तिकडे हाच शब्द. हा शब्द मला पुढच्या आठवड्यात महागात पडणार होता, पण आज मी वहीत समोर नुसतं "टायमर" लिहून मोकळी झाले.

एक बारकावा. तांबड्या बटणावर `炊飯` च्या खाली बारीक अक्षरांत `再加熱` आहे, पुन्हा गरम करणे. एकाच बटणाला दोन नावं. भात ऊब-अवस्थेत असताना ते दाबलं तर कुकर शिळाच भात गरम करतो, नवा लावत नाही. नवा लावायचा तर आधी `とりけし`. भावाला विचारलं तर म्हणाला, "अगं, म्हणून कधीकधी तांदूळ कच्चा राहायचा होय!" तीन वर्षं.

रविवार, २२ जून

पहिला भात. कुकरबरोबर आलेला कप १८० मिलिलिटरचा आहे. हे तिकडचं जुनं माप, एक `合`. असे दहा झाले की एक `升`. आपल्या शेर-पायलीसारखंच, फक्त ते अजून रोजच्या वापरात आहे. भांड्याच्या आतल्या बाजूला ज्या रेघा आहेत त्या या कपाच्या हिशोबाने. आईची वाटी घेऊन त्या रेघेपर्यंत पाणी घातलं तर माप चुकणारच. दोन कप इंद्रायणी, धुऊन, `白米` लिहिलेल्या पट्टीवर २ च्या रेघेपर्यंत पाणी. बाण `白米` वर. तांबडं बटण. छोटी धून वाजली.

आणि पुढे काहीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वाफ नाही, आवाज नाही. आई म्हणाली, "बंद पडलाय. मी गॅसवर ठेवते." भांड्याला हात लावला तर जेमतेम कोमट.

मी भिंतीचं सॉकेट आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये एक वॉटमीटर लावला होता. प्लगमध्ये खोचायचा, सात-आठशेला मिळतो तो. त्याने आईचा हात थांबवला. नुसता ट्रान्सफॉर्मर स्वतःच १४ वॉट खातो, तेवढे वजा करायचे. बटण दाबल्यापासून आकडा असा चालला होता: काही सेकंद साडेसहाशेच्या आसपास, मग शून्य, मग परत थोडा वेळ, परत शून्य. म्हणजे कुकर झोपला नव्हता, पाणी कोमट ठेवत होता. आपण तांदूळ धुऊन अर्धा तास बाजूला ठेवतो ना, ते काम हा आतच करतो. सतराव्या मिनिटाला आकडा वर गेला आणि तिथेच राहिला. नऊ मिनिटांत उकळी फुटली, वाफ सुटली. पुढे परत तुकड्यातुकड्याने, आणि छत्तिसाव्या मिनिटाला पडद्यावर पहिल्यांदा आकडा उमटला: 13. मग 12, 11. या वेळी मीटर जवळजवळ शून्यावर. भात मुरत होता. या टप्प्याला जपानीतही वेगळं नाव आहे, `むらし`. भात नुसता शिजून भागत नाही, मुरावा लागतो, हे त्यांनाही ठाऊक.

एकूण एकोणपन्नास मिनिटं. पडदा शेवटची तेरा मिनिटंच मोजतो, आधीची छत्तीस नाही. कारण उघड आहे: तांदूळ आणि पाणी किती यावर आधीचा वेळ बदलतो आणि चिपला तो आधी माहीत नसतो. पाणी संपलं की भांड्याचं बूड शंभर अंशांच्या वर चढू लागतं, तेव्हाच तिला कळतं की शिजणं झालं. मुरण्याचा वेळ तेवढा ठरलेला.

संध्याकाळी तसाच भात `早炊き` वर केला. मीटर पहिल्या मिनिटापासूनच वर. एकतीस मिनिटांत झाला, पण दाणा मध्ये किंचित टणक. शिजण्याआधीचं भिजणंच कापलंय. तांदूळ आधीच भिजवलेला असेल तर हा मेनू अगदी योग्य, नसेल तर घाई दिसते.

दुपारचा भात मऊ, किंचित चिकट, मोत्यासारखा. इंद्रायणी आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळला तयार झालेला वाण. जपानी तांदळाच्या चिकटपणाशी त्याचं जरा जमतं, म्हणून रेघ जशीच्या तशी लागू पडली. कोलमचं तसं नाही. पुढे बुधवारी आईने वर्षाचा जुना कोलम त्याच रेघेवर लावला आणि तो कडक राहिला. अडीचच्या रेघेवर नीट झाला. रेघा त्यांच्या तांदळाच्या आहेत एवढं ध्यानात ठेवायचं.

रविवार, २९ जून

घोळ झाला. नीट लिहून ठेवते.

काल रात्री साडेदहाला आईकडेच होते. बाबांना सकाळी साडेसहाला डबा हवा होता. मी दोन कप तांदूळ धुऊन ठेवला, `予約` दाबलं, पडद्यावर लुकलुकणारा आकडा `時` या बटणाने ७ वर आणला, तांबडं बटण दाबलं. माझा हिशोब असा: आपल्याकडच्या वॉशिंग मशीनसारखं हे "इतक्या तासांनी सुरू कर" असणार. सात तासांनी म्हणजे साडेपाचला सुरू, सव्वासहाला भात.

सकाळी पावणेसातला आई स्वयंपाकघरात गेली. `保温` चा दिवा लागलेला. झाकण उघडलं तर भात कडेने पिवळसर, तळाला पातळशी खरपूड, वास शिळसर. बाबांनी पोळी-भाजी नेली आणि काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला जास्त लागतं.

पडद्यावर होतं `3h`. आधी वाटलं ही काहीतरी चूक दाखवणारी खूण. पण `h` लहान आहे आणि आकडा तासभराने 4 झाला. म्हणजे ऊब सुरू होऊन झालेले तास. पावणेसातला तीन पूर्ण झालेले आणि चार न झालेले, म्हणजे भात पावणेतीन ते पावणेचारच्या दरम्यान कधीतरी तयार झाला. "सात तासांनी सुरू" यात ते कुठेच बसत नाही.

मग `予約` परत काढून पाहिलं. नोंदवून ठेवणे. हॉटेलात सातचं टेबल नोंदवलं तर सातला जेवायला बसतो, सातला उठून निघत नाही. आकडा सुरू होण्याचा नाही, तयार होण्याचा आहे. आणि तो तासांचा नसून घड्याळातल्या वेळेचा. सकाळी सातला भात तयार हवा असं मी त्याला सांगितलं होतं, आणि त्याने तो सातलाच तयार ठेवला. फक्त त्याच्या सातला.

काही दिवसांपासून पडद्यावर भलतेच आकडे दिसत होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी सात-सव्वासातला 22:40. मी म्हटलं असेल काहीतरी. आज भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं: आपल्याकडे ८:०५, कुकरवर 11:35. साडेतीन तासांचा फरक, तोसुद्धा मिनिटाला मिनिट. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. आत एक छोटा सेल असतो, तो प्लग काढला तरी घड्याळ चालू ठेवतो. कुकर विमानातून आला, गाडीतून आला, आईच्या ओट्यावर बसला, पण वेळ नागोयाचीच धरून राहिला. त्याचे सात म्हणजे पुण्याचे पहाटेचे साडेतीन. पावणेसातला झाले सव्वातीन तास, पडदा म्हणतो `3h`. हिशोब जुळला.

भावाला फोन केला. "ताई, मी कधी टायमर लावलाच नाही," तो म्हणाला. ते माहीतच होतं.

रविवार, ६ जुलै

आषाढी. भात नाही, साबुदाणा आणि वरी. पण घड्याळ लावायला तांदूळ लागत नाही.

भांडं रिकामं, प्लग लावलेला, काहीही शिजत नसताना `時` दाबून धरलं. आकडा लुकलुकू लागला. `時` म्हणजे तास, `分` म्हणजे मिनिटं, दोन्ही पुढेच जातात, मागे नाही. म्हणून साडेतीन तास मागे यायचं तर साडेवीस तास पुढे जावं लागलं. बोट दुखलं. शेवटी काही न दाबता सोडून दिलं, लुकलुकणं थांबलं, वेळ पक्की झाली. ऊब किंवा शिजणं चालू असताना हे बटण ऐकत नाही, हेही तेव्हाच कळलं.

रात्री दहाला आईने द्वादशीच्या पारण्यासाठी तांदूळ लावला. सकाळी ६:३० नोंदवलं. तांदूळ पाण्यात किती वेळ राहणार तेही मोजलं, साडेआठ तासांच्या आतबाहेर. या दिवसांत आठ तासांपेक्षा फार लांबवायचं नाही. हवा दमट, पाणी कोमट, आंबूस वास धरायला वेळ लागत नाही. आईला सांगितलं, यापुढे अकरा वाजल्याशिवाय लावायचं नाही. "मी साडेदहाला झोपते," ती म्हणाली. मग सातला तयार ठेवायचं नाही, सहाला ठेवायचं, असं ठरलं.

सोमवार, ७ जुलै

आईचा फोन ६:३४ ला. "वाजला बघ. आणि `0h` दाखवतोय." पडद्यावरची अक्षरं ती मला वाचून दाखवते आहे याकडे माझं लक्ष नंतर गेलं.

रविवार, १३ जुलै

बाबांना ताप, तोंडाला चव नाही. आईचं माहेर रत्नागिरीकडचं, तिच्या दृष्टीने तापावर एकच औषध, पेज. मेनूत `おかゆ` आहे, ते पेजेच्या जवळचं, हे मी तिला सांगून ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा झाकणाच्या भोकातून पांढरा फेस वाहत होता, ओट्यावर तळं. पेज उतू गेली होती.

झालं असं. भांड्याच्या आत पेजेसाठी वेगळी पट्टी आहे, आईने बरोबर तीच वापरली. पण बाण `白米` वरच होता. भाताचा मेनू उकळी फुटेपर्यंत पूर्ण जोर लावतो. भरपूर पाण्यात थोडा तांदूळ असला की पिठूळ पाण्याला ऊत येतो आणि तो झाकणातून बाहेर. `おかゆ` चा मेनू आच मंद ठेवून हळूहळू शिजवतो, त्यासाठीच तो वेगळा आहे. पट्टी आणि बाण दोन्ही एकाच शब्दाचे हवेत. झाकणाचं भोक निघतं, ते काढून धुतलं. चिकट पेज तिथे वाळली तर पुढच्या वेळी वाफ बाहेर पडायला जागा राहत नाही.

पण दुसरा घोळ जास्त मजेदार होता, आणि त्यात मीही फसले. पेजेच्या पट्टीवर दोन नावं आहेत: `全がゆ` आणि `五分がゆ`. `五` म्हणजे पाच हे आईला पाठ झालंय. `分` म्हणजे मिनिटं हे मीच मागच्या रविवारी तिला शिकवलं. ती म्हणाली, "पाच मिनिटांची पेज असेल, बाबांना भूक लागलीय." मीही क्षणभर मान डोलावली.

पण मिनिटं भांड्याच्या आत कशाला लिहितील? तिथे फक्त पाण्याच्या रेघा असतात. `分` या अक्षराचे दोन अर्थ आहेत: घड्याळात मिनिट, आणि इतरत्र भाग, दहातला हिस्सा. `全` म्हणजे पूर्ण, तेव्हा `全がゆ` ही पूर्ण, दाट पेज. `五分がゆ` म्हणजे दहातले पाच, निम्मी, पातळ. मापात सांगायचं तर दाट पेजेला एका भागाला पाच भाग पाणी, पातळ पेजेला दहा भाग. अर्धा कप तांदूळ म्हणजे ९० मिलिलिटर. दाट हवी तर त्याला ४५० मिलिलिटर पाणी, पातळ हवी तर ९००. मोजपात्राने ओतून भांड्याच्या रेघेशी ताडून पाहिलं, दोन्ही रेघा जुळल्या.

आईची पेज पातळ असते, वर मिठाचा खडा आणि लोणच्याचा खार. तिला पातळच हवी होती. म्हणजे रेघ तिने योग्यच निवडली होती, कारण मात्र चुकीचं होतं. बाण `おかゆ` वर नेला, परत लावलं. एक तास आणि वर काही मिनिटं. पाच मिनिटं नव्हेत. बाबांनी दोन वाट्या घेतल्या.

रविवार, २० जुलै

आज चिकटपट्ट्या. मी कागदावर शब्दांचं भाषांतर लिहून आणलं होतं, आईने त्यातलं निम्मं नाकारलं. `保温` ला मी "उष्णता राखणे" लिहिलं होतं, तिने "ऊब" केलं. `炊飯` ला "लाव". `とりけし` ला "थांब". `早炊き` ला "भिजवलेला असेल तरच". `炊込み` ला "मसालेभात (फोडणी कढईत)", कारण भांड्याच्या आतल्या काळ्या थराला कलथा आणि तडतडती मोहरी दोन्ही चालत नाहीत. `無洗米` वर तिने नुसती फुली मारली. `予約` ला माझ्याकडे "टायमर" होतं. ते तिने खोडून लिहिलं, "इतक्या वाजता पान वाढायचं".

भांड्याच्या आत पट्टी चिकटवता येत नाही. तिथल्या दोन पेजांसाठी कुकरच्या बाजूला एक चिठ्ठी लावली: "वरचं नाव दाट, खालचं पातळ. बाण पेजेवर." ट्रान्सफॉर्मरवर लाल शाईत: "भात झाला की भिंतीचं बटण बंद." रात्रभर ऊब ठेवली तर दहा किलोचं लोखंडही रात्रभर तापत बसतं आणि त्याचं बिल वेगळं.

एक शब्द अजून बाकी आहे, `すし`. त्याची भांड्यात स्वतंत्र रेघ आहे, भाताच्या रेघेपेक्षा किंचित खाली, कारण त्या भातात नंतर व्हिनेगर कालवायचं असतं. आईने त्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मग दहीभाताला ही चालेल?" पुढच्या रविवारी पाहू.